सासूबाई देवळात गेल्यावरचा व्यायाम

पक्षाघाताच्या रुग्णाला व्यायाम कसा द्यायचा हे घरच्याच माणसाला शिकवलं, तर रुग्ण लवकर सावरेल का? फिजिओथेरपिस्ट गावोगाव मिळत नाहीत, घरचं माणूस मात्र चोवीस तास असतं, तेव्हा कल्पना अगदी रास्त होती. भारतातल्या १४ रुग्णालयांनी ती रीतसर तपासून पाहिली. ‘अटेंड’ नावाच्या या चाचणीत १२५० रुग्ण होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्या निम्म्यांच्या घरातल्या एकेका माणसाला रुग्णालयातच शिकवायला सुरुवात झाली आणि पुढे दोन महिन्यांपर्यंत घरीही ते शिक्षण चालू राहिलं. निकाल २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. सहा महिन्यांनी दगावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचं प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के होतं. फरक शून्य.

उपाय चालला नाही, एवढं अशा चाचणीच्या आकड्यातून कळतं. घरात नेमकं काय घडलं ते त्यातून कळत नाही. शिकवलेला व्यायाम झाला का? कुणी करून घेतला, कुणी अडवला, कुणाला तो करायला वेळच मिळाला नाही? याची उत्तरं ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यासमोर बसावं लागतं, आणि बसून ऐकावं लागतं. या ऐकण्यालाही शास्त्र आहे. ते सोपं दिसतं म्हणून पुष्कळदा वाईट केलं जातं.

काळजी घेणाऱ्यांवरचा ताण मोजायला प्रश्नावल्या आहेत. त्यांतली सगळ्यात प्रसिद्ध झरिट यांची. त्यात २२ प्रश्न असतात, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ८८. एखाद्या सुनेला त्यात ४१ गुण मिळाले, तर तिच्यावर बऱ्यापैकी ताण आहे हे समजलं. पण दुसऱ्या घरातल्या नवऱ्यालाही ४१च मिळाले असतील. त्याचे ४१ आणि तिचे ४१ एकाच कारणानं आले का, हे तो कागद सांगणार नाही. गुणात्मक अभ्यास सुरू होतो तो इथून.

सुरुवात माणसं निवडण्यापासून होते. इथे चिठ्ठ्या टाकून निवड करत नाहीत, मुद्दाम वेगवेगळी माणसं शोधतात: बायको, नवरा, सून, मुलगा, माहेरी परत आलेली मुलगी. रुग्ण बोलू शकणारा आणि वाचा गेलेला, दोन्ही हवेत. झटका येऊन तीन महिने झालेलं घर हवं आणि दोन वर्षं झालेलंही. एवढी काळजी घेऊनही एक खड्डा राहतोच. संशोधक माणसं गाठतो ती बहुतेक वेळा रुग्णालयाच्या ओपीडीत. ज्यांनी तिथे येणंच सोडलं, रिक्षाचे पैसे परवडेनात म्हणून किंवा आशाच सोडली म्हणून, ते अभ्यासातून आपोआप गळतात. ओपीडीतल्या यादीवर न थांबता आशाताईंकडून गावातली घरं विचारून घेतली, तर हा खड्डा थोडा तरी भरतो.

मुलाखतीची वेळ दुपारी दोन ते चारची बरी. रुग्णाचं जेवण आवरलेलं असतं, तो झोपलेला असतो. सकाळी गेलात तर मुलाखत नाही, व्यत्यय होतो. जागेचा प्रश्न त्याहून अवघड आहे. दोन खोल्यांच्या घरात एका खोलीत रुग्ण असतो आणि दुसरीत बाकी सगळे. आपण बोलायला बसलो की सासूबाई येऊन बसतात, शेजारीण डोकावते, नात मांडीवर येते. त्यांना बाहेर जा असं पाहुण्यानं सांगायचं कसं? अनुभवी लोक एक युक्ती करतात. दोघं मिळून जातात. एकजण सासूबाईंशी स्वतंत्र बोलत बसतो, त्यांचंही म्हणणं मनापासून ऐकतो, आणि तेवढ्यात दुसऱ्याची सुनेशी मुलाखत होते. तेही जमलं नाही, तर मुलाखत कुणासमोर झाली हे नोंदवहीत लिहून ठेवायचं. सासूबाईंसमोर सून ‘सगळे खूप मदत करतात’ म्हणाली, तर ते वाक्य खोटं ठरत नाही. ते सासूबाईंसमोर म्हटलेलं आहे, एवढं लक्षात ठेवून वाचायचं.

रुग्ण शेजारीच पडून असेल तर गोष्ट आणखी नाजूक होते. वाचा गेलेल्या माणसाला समजतही नाही असं घरचे कधी कधी धरून चालतात. तो सगळं ऐकत असतो. त्याच्यासमोर ‘यांचं करून मी थकले’ असं कुणी म्हणणार नाही, आणि संशोधकानंही ते वदवून घ्यायचा प्रयत्न करू नये. पुन्हा यावं.

आता प्रश्न. मार्गदर्शक म्हणून आठ-दहा प्रश्न कागदावर असतात, पण ते क्रमानं वाचून दाखवायचे नसतात. सुरुवातीला ‘झटका आला त्या दिवसापासून सांगा’ एवढं पुरतं. तो दिवस सगळ्यांना तपशीलवार आठवतो आणि माणूस बोलता होतो. नंतरचा सर्वांत उपयोगी प्रश्न म्हणजे ‘कालचा दिवस सकाळपासून सांगा’. ‘तुमचा दिनक्रम काय?’ असं विचारलं की आदर्श दिनक्रम मिळतो. काल काय झालं असं विचारलं की काल व्यायाम झालाच नाही हेही कळतं. ‘तुम्हाला फार त्रास होत असेल ना?’ हा मात्र न विचारण्याचा प्रश्न. सभ्य माणूस त्यावर हो म्हणतो, मानी माणूस नाही म्हणतो, आणि दोन्ही उत्तरांतून हाती काही लागत नाही.

काळजी घेणाऱ्यांच्या मुलाखतीत एक अडचण हमखास येते. ती माणसं रुग्णाबद्दल बोलतात, स्वतःबद्दल नाही. बीपी किती होतं, कुठल्या डॉक्टरांनी काय सांगितलं, हात किती वर जातो, हे अर्धा तास येतं. स्वतःचा विषय काढला की ‘माझं काय, माझं चाललंय.’ नवखा मुलाखतकार तिथे पुढच्या प्रश्नावर उडी मारतो. तिथे थांबायचं असतं. पाच-सात सेकंद गप्प बसलं तर बहुतेक वेळा पुढचं वाक्य समोरूनच येतं. नाही आलं तर ‘चाललंय म्हणजे कसं?’ एवढंच विचारायचं.

मुलाखत घेणारा त्याच रुग्णालयातला फिजिओथेरपिस्ट असेल, तर उत्तरांत रुग्णालयाचं कौतुक फार येतं आणि व्यायाम रोज तीन वेळा होतो. शिवाय मध्येच त्यालाच प्रश्न येतो, ‘हात परत येईल का हो?’ याला मुलाखतीत उत्तर दिलं तर तो डॉक्टर होऊन बसतो. टाळलं तर ज्यानं दीड तास मन मोकळं केलं त्याच्याशी तो कोरडा वागतो. मला पटणारा मार्ग असा: ‘रेकॉर्डर बंद केला की याबद्दल बोलू’ असं सांगायचं आणि खरोखर बोलायचं. कुणी रडलं तर रेकॉर्डर थांबवायचा, पुढे जायचं की नाही हे त्यांना ठरवू द्यायचं, आणि समुपदेशकाचा नंबर आधीपासून खिशात ठेवायचा. रुग्णाला मारहाण होत असल्याचं किंवा काळजी घेणाऱ्याला जगणं नकोसं झाल्याचं कळलं तर काय करायचं, हे नैतिक समितीच्या मंजुरीआधीच लिहून ठेवलेलं असावं. गुप्ततेला ही मर्यादा आहे, हे संमती घेतानाच सांगावं लागतं.

मुलाखत झाली की ती शब्दशः उतरवायची. एका तासाच्या रेकॉर्डिंगला सहज पाच-सहा तास लागतात. हे काम पैसे देऊन बाहेरून करून घेता येतं, पण निदान पहिल्या काही मुलाखती स्वतः उतरवाव्यात, कारण ओळख तिथेच होते. थांबणं, हसणं, आवाज खाली नेणं कंसात नोंदवायचं. उतारा बोलल्या भाषेतच ठेवायचा आणि त्याच भाषेत त्याचं विश्लेषण करायचं. इंग्रजीत फक्त अहवालात येणारी वाक्यं आणायची.

आता एक उतारा घेऊ. हा कुणा एकीचा नाही. अशा मुलाखतींत जे येतं त्यावरून, पद्धत दाखवण्यासाठी रचलेला आहे. सासऱ्यांची उजवी बाजू गेलेली आहे, वाचाही गेली आहे, आणि सून सांगते आहे:

‘साडेपाचला उठते. आधी त्यांचं सगळं आवरायचं, डायपर, तोंड धुणं, मग चहा. चहा चमच्या-चमच्यानं, नाहीतर ठसका लागतो. फिजिओच्या मॅडमनी व्यायाम सांगितलाय. पण सासूबाई म्हणतात, आजारी माणसाची कशाला ओढाताण करतेस, पडू दे की निवांत. मग त्या देवळात गेल्या की मी करून घेते. (हसते) यांना सांगितलं तर म्हणतात, तुम्ही दोघी बघून घ्या. माझं काय, माझं चाललंय. (थांबते) मलापण बीपीची गोळी सुरू केलीय. दोन आठवडे झाले, आणायची राहिलीय.’

असे दहा-पंधरा लांबलचक उतारे समोर आले की काय करायचं, याची आज सर्वांत जास्त वापरली जाणारी रीत म्हणजे थीमॅटिक ॲनालिसिस. न्यूझीलंडमधल्या व्हर्जिनिया ब्रॉन आणि इंग्लंडमधल्या व्हिक्टोरिया क्लार्क या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एका लेखात तिच्या सहा पायऱ्या मांडल्या. उतारे पुन्हापुन्हा वाचून मुरवायचे, त्यांना कोड द्यायचे, कोडांतून सूत्रं बांधायची, ती तपासायची, त्यांना नाव द्यायचं आणि लिहायचं. पायऱ्या म्हटल्या तरी माणूस सरळ वर चढत नाही, चौथ्यावरून दुसऱ्यावर सारखा परत येतो.

कोड म्हणजे उताऱ्याच्या एखाद्या तुकड्याला दिलेलं छोटं नाव. वरच्या उताऱ्याला विद्यार्थी पहिल्यांदा जे कोड देतात ते साधारण असे असतात: ‘दिनक्रम’, ‘व्यायाम’, ‘सासू’, ‘आरोग्य’. हे कोड कुणाच्याही मुलाखतीला चिकटतील, आणि नेमका तोच त्यांचा दोष आहे. चांगल्या कोडाची साधी परीक्षा आहे: उतारा झाकून नुसता कोड वाचला तर काय घडलं ते कळलं पाहिजे. ‘सासूबाई नसताना व्यायाम उरकणं’ वाचल्यावर कळतं. ‘नवरा निर्णयातून अंग काढून घेतो’, ‘स्वतःचं औषध यादीत शेवटी’ हेही चालतील. यांपुढे एक खोलातला कोडही देता येतो, जो तिनं शब्दांत म्हटलेला नाही: ‘काम तिचं, परवानगी दुसऱ्याची’. ती हसली कुठे, हे इथे कामाला येतं. सासूबाई देवळात गेल्यावर व्यायाम करून घेते असं सांगताना ती हसली. लपून काहीतरी करणाऱ्याचं ते हसणं आहे, आणि जे काम लपून होतं आहे ते मुळात डॉक्टरांनी सांगितलेलं काम आहे.

पंधरा उताऱ्यांना कोड दिले की तीन-चारशे कोड सहज होतात. कुणी ते सॉफ्टवेअरमध्ये लावतं, कुणी कागदाच्या चिठ्ठ्या करून जमिनीवर मांडतं. पहिली मांडणी जवळजवळ नेहमीच अशी निघते: ‘आर्थिक अडचणी’, ‘शारीरिक त्रास’, ‘मानसिक ताण’, ‘कुटुंबाचा पाठिंबा’. नेटके चार डबे. यात चुकीचं काही नाही, फक्त यासाठी मुलाखती घेण्याची गरज नव्हती. ही यादी घरून निघतानाच लिहिता आली असती. ब्रॉन आणि क्लार्क यांची नेहमीची तक्रार हीच आहे की लोक विषयांचे सारांश लिहितात आणि त्याला थीम म्हणतात. सूत्रात एक विधान असावं लागतं, एकाच अर्थाभोवती गोळा झालेलं. ‘आर्थिक अडचणी’ हा विषय झाला. ‘पैसा ज्याचा, व्यायामाचा निर्णय त्याचा’ हे विधान झालं, आणि ते खरं की खोटं हे बाकीच्या मुलाखतींवर घासून पाहता येतं.

आपल्या उताऱ्यावरून मनात येणारं पहिलं सूत्र असं: सुनांकडे जबाबदारी आहे, अधिकार नाही. आता घासून पाहू. समजा आणखी दोन सुनांच्या मुलाखतींत हेच सापडलं. एक भाच्याच्या सल्ल्यानं आणलेलं मालिशचं तेल मनाविरुद्ध लावते. दुसरीला राईल्स ट्यूब काढावी की ठेवावी हे डॉक्टरांनी विचारलंच नाही, पुण्याहून आलेल्या दिराला विचारलं. सूत्र पक्कं होत चाललंय असं वाटतं. मग बायकोची काळजी घेणारे निवृत्त शिक्षक येतात. व्यायामाची वेळ ते ठरवतात आणि कुणी आडवं येत नाही. त्यांचा प्रश्न निराळाच आहे. बायकोची वेणी घालता येत नाही, साडी नेसवता येत नाही, आणि हे शेजारच्या बाईंना सांगायला संकोच वाटतो. हेही सूत्राला धरूनच आहे, ते पुरुष आहेत. पण पुढची मुलाखत सगळं हलवते. आईची काळजी घ्यायला माहेरी परत आलेली मुलगी. ती सून नाही, घर तिचंच, आई तिचीच. तरीही फिजिओला घरी बोलवायचं का हे भाऊ ठरवतो, कारण पैसे तो पाठवतो. आणि त्यानंतर गावातलं धाकट्या भावाचं घर. तो पुरुष आहे, दिवसभर वडिलांचं करतो, पण मुंबईचा थोरला फोनवरून औषधं बदलतो.

आता ‘सुना’ हा शब्द सूत्रातून काढावा लागतो. प्रश्न फक्त नात्याचा किंवा बाई असण्याचा उरत नाही. ज्याच्या हातात काम आहे आणि ज्याच्या हातात निर्णय आहे ती दोन वेगळी माणसं आहेत, आणि पहिलं माणूस दुसऱ्याच्या नजरेआड, त्याच्या गैरहजेरीत किंवा त्याची मनधरणी करून काळजी घेतं. सुनांमध्ये हे जास्त दिसतं कारण घरातल्या उतरंडीत त्या खाली आहेत. सूत्राला नाव देता येईल: ‘परवानगीविना काळजी’. शिक्षकांचं घर या सूत्रात बसत नाही, आणि ते कोंबायचं नाही. हातात निर्णय असला की अडचण कशी बदलते हे दाखवणारं उदाहरण म्हणून ते अहवालात यायलाच हवं. न बसणारं घर गाळून टाकणं ही या पद्धतीतली सगळ्यात सोपी लबाडी आहे, आणि बाहेरून ती दिसतही नाही.

या सूत्राचा व्यवहारात अर्थ काय? घरच्या माणसाला व्यायाम शिकवायचा म्हणजे रुग्णालयात जे माणूस रुग्णाजवळ बसलेलं असतं त्याला शिकवायचं, असं आपण धरून चालतो. अशी मुलाखत सुचवते की सासूबाईंना आणि पैसे पाठवणाऱ्या दिराला त्याच वेळी समोर बसवल्याशिवाय ते शिकवणं घरी पोचेलच असं नाही. अशा घरांचं प्रमाण किती, हे या अभ्यासातून मुळीच कळणार नाही. पंधरापैकी सहा घरांत हे दिसलं म्हणून ४० टक्के घरांत असं होतं, असं कुणी लिहिलं तर तो अहवाल बाजूला ठेवावा.

आणखीही काही खुणा पाहून अहवाल कसा आहे ते सामान्य वाचकालाही कळू शकतं. सूत्रांची यादी आणि मुलाखतीच्या प्रश्नांची यादी शेजारी ठेवा. दोन्ही एकच असतील, तर विश्लेषण झालेलंच नाही, उत्तरं प्रश्नाखाली रचून ठेवली आहेत. उद्धृत केलेली वाक्यं कुणाकुणाची आहेत ते पाहा. सगळी दोन बोलक्या माणसांचीच असतील, तर बाकी तेराजण कुठे गेले? आणि ‘मुलाखतींमधून पुढील सूत्रे वर आली’ हे वाक्य दिसलं की सावध व्हा. सूत्रं आपोआप वर येत नाहीत. कुणीतरी बसून, निवड करून ती बांधलेली असतात, आणि तो कोण होता, स्वतः सून होता की मुलगा, डॉक्टर होता की समाजसेवक, हे त्यानं सांगायला हवं.

किती मुलाखती पुरेत, यावर या क्षेत्रात भांडण आहे. २००६ साली गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांनी घाना आणि नायजेरियातल्या ६० मुलाखती तपासून दाखवलं की बहुतेक नवे कोड पहिल्या १२ मुलाखतींतच येऊन जातात. तेव्हापासून १२ हा जणू सरकारी आकडा होऊन बसला. त्या साठहीजणी बऱ्याचशा सारख्या परिस्थितीतल्या होत्या आणि प्रश्नही सारखे होते, हे मात्र मागे राहिलं. सुना, नवरे, मुलगे आणि मुली एकत्र घेतल्या तर बारा पुरतील असं मला वाटत नाही. आपल्या उदाहरणात बारावर थांबलो असतो आणि माहेरी आलेली मुलगी तेरावी असती, तर ‘सुना’ हा शब्द सूत्रात तसाच राहिला असता.

शेवटचं काम सगळ्यात कमी शिकवलं जातं. नाव बदललं की ओळख लपली, असा समज आहे. पण तालुक्याचं नाव, उजवी बाजू, वाचा गेलेली, सासूबाई रोज देवळात जातात, नवरा अमुक नोकरीत, एवढं एकत्र छापलं तर गावातला कुणीही घर ओळखेल. आणि ओळखणाऱ्यांत सासूबाई पहिल्या असतील. म्हणून अहवालात तालुका जातो, गेलेली बाजू जाते, नवऱ्याची नोकरी जाते. व्यायामाचं वाक्य गाळता येत नाही, सगळं सूत्रच त्यावर उभं आहे. मग देवळाऐवजी ‘बाहेर गेल्या की’ असं लिहायचं, कंसात बदल केल्याची खूण ठेवायची, आणि छापण्याआधी ते वाक्य तिला एकटीला वाचून दाखवून विचारायचं, हे राहू दे का.